पाळी कमी होत गेली, त्या वर्षांत

"पाळी किती दिवस असते?" असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, "दोन दिवस. दुसऱ्या दिवशी तर नुसता डाग." सोबत आलेल्या सासूबाई मध्येच म्हणाल्या, "बरंच आहे की मॅडम ते. भांगलणीला जायचं असलं तरी काही अडत नाही." लग्नाला चार वर्षं झालेली, वय सव्वीस, वजन चव्वेचाळीस किलो, दिवस राहत नाहीत म्हणून तपासायला आलेली. नवऱ्याची वीर्यतपासणी चांगली. ही बाई म्हणजे कुणी एक नाही. माझ्या ओपीडीत वर्षानुवर्षं जमलेल्या कागदांमधून ती मी जुळवली आहे. पण तिच्या फाइलीतला प्रत्येक कागद मी कुणा ना कुणाच्या हातात पाहिलेला आहे.

"पहिल्यापासून दोनच दिवस?" ती आठवू लागली. दहावीत असताना पाच दिवस असायची, पोटातही दुखायचं. मग कधीतरी चार दिवसांवर आली, मग तीन. नेमकी कधीपासून, ते तिला सांगता येईना. त्रास वाढला की माणूस दवाखाना गाठतो. इथे उलट त्रास कमी होत गेला होता, त्यामुळे तो सांगावा असं तिला किंवा घरच्यांना कधी वाटलंच नाही.

पुढचा प्रश्न मी प्रत्येक वंध्यत्वाच्या रुग्णाला विचारते. घरात कधी कुणाला टीबी झाला होता का? ती म्हणाली, "आजोबांना होता. मी सहावीत होते. रात्री त्यांच्याजवळच झोपायचे."

टीबी म्हटलं की खोकला, ताप आणि बेडक्यातून रक्त एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. आजोबांच्या खोकल्यातून उडालेले जंतू नातीच्या फुप्फुसात जातात, तिथे शरीर त्यांना अडवतं, आणि बहुतेक मुलांना काहीही होत नाही. पण अडवले जाण्याआधीच्या काही आठवड्यांत थोडे जंतू रक्तात उतरून दूरवर पोचलेले असू शकतात. कुणाच्या मणक्यात, कुणाच्या गाठींत, तर कुणाच्या गर्भनलिकांमध्ये. ते तिथे वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. छातीचा एक्सरे स्वच्छ येतो, खोकला कधी झालेलाच नसतो, आणि तरीही नळ्यांमध्ये आजार शिजत असतो. माझ्या या रुग्णाचा छातीचा एक्सरेही स्वच्छच होता.

जननेंद्रियांचा टीबी झालेल्या जवळपास प्रत्येक स्त्रीच्या नळ्या बाधित असतात, आणि बहुधा दोन्ही. दहा-बारा सेंटिमीटर लांबीची ही नळी आतून नाजूक घड्यांनी भरलेली असते. त्या घड्यांवरच्या बारीक केसांच्या हालचालीने बीज पुढे सरकतं. गर्भपिशवीजवळच्या टोकाला नळीचा आतला मार्ग जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतो. जंतूंमुळे आधी या घड्यांना सूज येते, मग त्या एकमेकींना चिकटतात, आणि सूज ओसरली की मागे राठ व्रण राहतो. नळीचं तोंड बंद झालं नाही तरी आतला रस्ता खडबडीत होतो. नळी पूर्ण बंद झालेली स्त्री वंध्यत्वासाठी येते. अर्धवट खराब झालेली कधी कधी वेगळ्याच संकटातून येते. बीज फलित होतं, पण वाटेतच अडकतं आणि नळीतच गर्भ राहतो.

नळ्यांमधून आजार खाली गर्भपिशवीत उतरतो. बाधितांपैकी साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक जणींच्या पिशवीच्या आतल्या अस्तरात तो पोचतो. हे अस्तर समजून घ्यायला बांधावरची हरळी आठवावी. वरचं गवत कितीदा कापलं तरी मुळ्या शाबूत असल्या की ते पुन्हा येतं. अस्तराचेही दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि पाळीबरोबर गळून जातो. खालचा थर जागेवर राहतो आणि पुढच्या महिन्याचं अस्तर त्यातूनच उगवतं. टीबीचे जंतू वरच्या थरात असतील तर पाळीबरोबर पुष्कळसे धुतले जातात, पण नळ्यांतून नवे उतरत राहतात. आजार खालच्या थरापर्यंत पोचला की मुळ्याच जळतात. तिथे व्रणाचे धागे तयार होतात, पिशवीच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटतात, आणि उगवायला जागाच उरत नाही. पाळी पाचाची चार, चाराची दोन दिवसांवर येते, काहींची पूर्ण थांबते. पाळीच्या मध्यावर सोनोग्राफीत अस्तर साधारण आठ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसावं अशी अपेक्षा असते. सातच्या खाली असेल तर आम्ही पातळ म्हणतो. हिचं बाराव्या दिवशी पाच मिलिमीटर होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कमी पाळी येणारी प्रत्येक बाई घाबरेल. कमी पाळीची आणि पातळ अस्तराची कारणं अनेक आहेत. गर्भपात झाल्यावर किंवा इतर कारणांनी पुन्हा पुन्हा केलेलं क्युरेटिंग हे त्यातलं मोठं कारण. लोक त्याला पिशवी साफ करणं म्हणतात, पण जोरात खरवडलं तर खालचा थर त्यातही जातो. आणि याउलट, टीबी असलेल्या अनेक जणींची पाळी अगदी वेळेवर आणि नेहमीसारखी असते. वंध्यत्व हे एकच लक्षण, बाकी काहीही नाही. म्हणून नुसत्या पाळीवरून निदान होत नाही. पण घरातल्या टीबीचा इतिहास, हळूहळू कमी झालेली पाळी आणि दिवस न राहणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की मात्र शोध घ्यायलाच हवा.

तिच्या पिशवीतून मी नळ्यांचा एक्सरे काढून प्रकाशाच्या डब्यावर लावला. पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत पिशवीत औषध सोडून हा फोटो काढतात. औषध पांढरं दिसतं, त्यामुळे आतल्या पोकळीचा आकार कळतो. तिची उजवी नळी बोरमाळेसारखी दिसत होती, मध्ये मध्ये फुगीर, मध्ये मध्ये आवळलेली. असा आकार ठिकठिकाणच्या व्रणांमुळे येतो. डावी नळी सुरुवातीलाच बंद. पिशवीची पोकळी त्रिकोणी न दिसता आक्रसलेली, कडा फाटक्या. कधी कधी अशा फोटोत नळी शिशाच्या नळीसारखी ताठ दिसते, तर कधी तिचं टोक तोंड आवळलेल्या चंचीसारखं. ही सगळी टीबीची खूण आहे, पण पुरावा नाही. दुसऱ्या जंतूंच्या जुन्या संसर्गानेही नळ्या बिघडतात. आणखी एक बारीक गोष्ट तिने स्वतःहून सांगितली. त्या फोटोनंतर तिला दोन दिवस ताप आला होता आणि पोट दुखलं होतं. आत झोपलेला आजार औषधाच्या दाबाने जागा होऊ शकतो. म्हणूनच टीबीचा ठाम संशय आधीच असेल तर हा फोटो काढण्याची घाई आम्ही करत नाही.

फाइलीतले पुढचे दोन कागद एकमेकांच्या विरोधात होते. पहिल्या दवाखान्यात तिच्या पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासला होता आणि अहवाल होता, टीबीची चिन्हं नाहीत. दुसऱ्या दवाखान्यात पाळीचं रक्त पीसीआरला पाठवलं होतं, तिथून आलेला अहवाल पॉझिटिव्ह. एक डॉक्टर म्हणाले काही नाही, दुसरे म्हणाले उद्यापासून एकेटी सुरू करा. एकेटी म्हणजे टीबीची औषधं. नवरा-बायको दोघं गोंधळले होते आणि त्यांचा गोंधळ अगदी रास्त होता.

निगेटिव्ह अहवालाचं आधी बघू. तुकडा पाळीच्या दहाव्या दिवशी घेतला होता. हीच पहिली चूक. अस्तरात टीबीच्या खास गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार व्हायला वेळ लागतो आणि दर महिन्याला अस्तर गळतं. त्यामुळे गाठी सापडण्याची शक्यता सर्वात जास्त असते ती पाळी येण्याच्या आधीच्या काही दिवसांत. दहाव्या दिवशीचं अस्तर नवं, कोवळं असतं, त्यात काय सापडणार? दुसरी चूक बाटलीची. तुकडा पूर्णच्या पूर्ण फॉर्मेलिनमध्ये टाकला होता. फॉर्मेलिनमध्ये ऊतक टिकतं, सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं, पण जंतू मरतात. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. म्हणून तुकडा घेताना दोन बाटल्या लागतात. एकीत फॉर्मेलिन, दुसरीत साधं सलाइन. दुसरी बाटली कल्चरला आणि सीबीनॅटला जाते. हे इतकं साधं आहे, पण ऑपरेशन थिएटरमध्ये सलाइनची बाटली हाताशी नसते आणि रुग्णाचा एक महिना वाया जातो. अशी तपासणी ठरली असेल तर आधी विचारून ठेवावं, नमुना सलाइनमध्येही जाणार आहे ना? डॉक्टरांना त्याचा राग येता कामा नये.

बाटल्या बरोबर असल्या, दिवस बरोबर असला, तरी निगेटिव्ह अहवाल आजार नाही असं सांगत नाही. कारण या भागातल्या टीबीत जंतू फारच थोडे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसायला एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू लागतात. तेवढे इथे सहसा नसतात. कल्चरला दहा ते शंभर जिवंत जंतू पुरतात, पण निकाल यायला कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट आणि आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट ही यंत्रं काही तासांत उत्तर देतात आणि रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही सांगतात. या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तर विश्वास ठेवावा. अस्तराच्या नमुन्यात त्या निगेटिव्ह आल्या तर मात्र शोध संपत नाही, कारण जंतू त्या तुकड्यात नव्हते एवढंच त्यातून कळतं. तुकडा होता पिशवीचा, आणि मुक्काम आहे नळ्यांमध्ये.

आता पॉझिटिव्ह अहवाल. खासगी प्रयोगशाळांमधली साधी पीसीआर चाचणी जंतूंचा जनुकीय तुकडा शोधते. जंतू जिवंत आहे की मेलेला, आत्ता आजार आहे की जुन्या संपर्काची खूण आहे, हे ती सांगत नाही. प्रयोगशाळेतल्या किंचित सांडलवंडीनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पाळीच्या रक्तावर केली तर तिचा भरवसा आणखी कमी. रक्ताची टीबी गोल्ड चाचणी किंवा हातावरची मांटू चाचणी कधीतरी जंतूंशी गाठ पडली होती एवढंच सांगते, आणि आपल्या देशात ती गाठ फार लोकांची पडलेली असते. रक्तातली प्रतिपिंडं मोजून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने 2012 सालीच बंदी घातली. इंडेक्स-टीबी या 2016 सालच्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी जननेंद्रियांच्या टीबीच्या निदानासाठी जे आधार मानले, ते असे होते: नमुन्यात जंतू दिसणं किंवा वाढणं, ऊतकात टीबीच्या गाठी दिसणं, किंवा दुर्बिणीतून आजाराचं ठळक रूप दिसणं. त्या आधारांत नुसती पीसीआर नव्हती. मला ही भूमिका पटते. सहा महिन्यांची औषधं लिव्हरवर ताण आणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या स्त्रीला टीबी नाहीच तिचे बाळासाठी मोलाचे महिने त्यात जातात. वंध्यत्वाला कारण सापडत नाही, म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आली की एकेटी द्यायचं, ही सवय आपल्याकडे बरीच रुजली आहे आणि ती सुटायला हवी.

म्हणून आम्ही पाळीच्या अगदी आधीच्या दिवसांत नव्याने तुकडा घ्यायचा आणि त्याच भुलीत दुर्बिणीने पोटात आणि पिशवीत बघायचं ठरवलं. पिशवीत अस्तर फिकट होतं, एका कोपऱ्यात चिकटलेले धागे, नळीचं तोंड झाकलेलं. पोटात नळ्या जाड, वळकट्या झालेल्या, त्यांच्यावर आणि आतड्याच्या आवरणावर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान पांढरट ठिपके. त्यातला एक ठिपका काढून दोन बाटल्यांमध्ये पाठवला. अस्तराचा सीबीनॅट पुन्हा निगेटिव्ह आला. ठिपक्यात मात्र ग्रॅन्युलोमा सापडला, मध्यभागी टीबीत दिसतो तसा चिजासारखा कुजलेला भाग. काही आठवड्यांनी त्याच नमुन्याच्या कल्चरमध्ये जंतू वाढले. निदान पक्कं झालं ते इथे.

औषध सुरू करण्याआधी दोघांना एक गोष्ट सांगितली आणि नीट समजली का ते पुन्हा विचारलं. ही औषधं जंतू मारतील. झालेला व्रण ती पुसणार नाहीत. आजार वेळेवर सापडला, अस्तराचा खालचा थर बऱ्यापैकी शाबूत असला, तर औषधांनंतर पाळी सुधारते, काहींना आपोआप दिवसही राहतात. पण एकदा राठ झालेली नळी परत मऊ होत नाही. दोघांना वाटलं होतं की सहा महिने गोळ्या घेतल्या की मूल होईल. हे आधी न सांगता औषधं दिली तर सहाव्या महिन्याच्या शेवटी फार मोठा धक्का बसतो.

पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. रोज घ्यायच्या, गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. तिच्या वजनाला रोज तीन. सरकारी केंद्रातून औषधं मोफत मिळतात, निक्षय पोर्टलवर नोंद होते आणि पोषणासाठी महिन्याला हजार रुपये थेट बँकेत जमा होतात. ही नोंद खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. लघवी केशरी होते, ते रिफॅम्पिसिनमुळे. त्याने घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले, सतत मळमळ झाली, किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, नजर धूसर झाली तर मात्र त्याच दिवशी यायचं. आणि या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून निरोध वापरायचा. चार वर्षं मुलासाठी झुरणाऱ्या जोडप्याला हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगावंच लागतं. पिशवीत जिवंत जंतू असताना गर्भ राहिला तर आजार रक्तात पसरून आईच्या फुप्फुसांपर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि क्वचित बाळापर्यंतही.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. त्यांनी हळूच विचारलं, "तिचं ताट वेगळं ठेवायचं का?" नाही, ठेवायचं नाही. हा टीबी खोकल्यातून पसरत नाही. तिच्या फुप्फुसात आजार नाही. ताट, अंथरूण, स्वयंपाक, काहीही वेगळं करायची गरज नाही.

सहा महिन्यांनी पाळी तीन दिवसांची झाली आणि तिने ते आनंदाने सांगितलं. दुर्बिणीने पिशवीतले चिकटलेले धागे सोडवले, मग दोन-तीन महिने इस्ट्रोजेन दिलं. बाराव्या दिवशी अस्तर सहा मिलिमीटर. उजव्या नळीत आता पाणी साठलेलं दिसत होतं. असं पाणी पिशवीत झिरपतं आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ रुजण्याची शक्यता निम्म्यावर आणतं. म्हणून ती नळी काढली. टीबीने बिघडलेल्या नळ्या शस्त्रक्रियेने मोकळ्या करून जोडण्याचा प्रयत्न मी करत नाही. त्यात यश फार कमी आणि नळीत गर्भ राहण्याचा धोका मोठा.

राहिला मार्ग टेस्ट ट्यूब बेबीचा. तिची बीजं चांगली निघाली, तीन गर्भ तयार झाले. पण गर्भ कितीही चांगला असला तरी रुजायला अस्तर लागतं. आयव्हीएफ नळ्यांना बाजूला ठेवू शकतं, अस्तराला नाही, आणि टीबीच्या बाबतीत खरी अडचण तिथेच येते. आम्ही तिन्ही गर्भ गोठवले. एकदोघांनी तिला पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग पिशवीत सोडण्याचा उपाय सुचवला. त्याच्या उपयोगाचा भक्कम पुरावा अजून नाही आणि खर्च मात्र आहे, तेवढं मी त्यांना सांगितलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी नको म्हटलं. अस्तर साडेसहावर आलं तेव्हा एक गर्भ सोडून बघितला. रुजला नाही.

गोठवलेले दोन गर्भ अजून आहेत. सरोगसीबद्दल मी त्यांना सांगितलं आहे. 2021 च्या कायद्यानुसार ती पैशांच्या मोबदल्यात करता येत नाही, आणि ठरावीक वैद्यकीय कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते. पुढच्या महिन्यात तिचं अस्तर पुन्हा मोजायचं आहे. गेल्या खेपेला ती एकटी आली नव्हती. बावीस वर्षांची धाकटी बहीण सोबत होती, अजून लग्न न झालेली. तीही लहानपणी आजोबांच्या त्याच खोलीत झोपायची. तिची पाळी पाच दिवस असते, असं तिने सांगितलं. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि तिला म्हटलं, कधी चारावर आली तर लगेच ये.